माझ्याऐवजी

मी जळकुटा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाचा वगैरे समजायला नको. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी लागली, कुणाचा मुलगा परदेशी गेला, याचं मला काही वाटत नाही. पण माझ्यासमोर दुसरं कुणी चांगलं बोललं आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, की माझ्या पोटात दुखायला लागतं. बायकोला हे माहीत आहे. कार्यक्रमाहून परत आल्यावर मी गप्प गप्प असलो की ती विचारते, "काय, आज वक्ता चांगला होता वाटतं?"

मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या कागद कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. तपासणी विभागात होतो. कागद किती ताणला की फाटतो ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर बऱ्हाणपूरला घर बांधून आलो, पण नेपानगरच्या मराठी मंडळाशी नातं तुटलं नाही, कारण दिवाळीनंतरच्या व्याख्यानमालेत शेवटच्या दिवशीचं भाषण माझं असायचं. विषय ठरलेला, तापीकाठची माणसं. कारखान्यासाठी विदर्भातून, खानदेशातून आलेली कुटुंबं, त्यांची आणि इथल्या शेतकऱ्यांची ओळख कशी झाली, त्यातल्या गमतीजमती. लोक हसायचे, डोळे पुसायचे, खाली उतरलो की हात हातात घ्यायचे. त्या एका संध्याकाळवर माझं वर्ष निघायचं.

आता खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या गोष्टी बायकोच्या होत्या. ती बहादरपूरची, केळीवाल्या घरातली. कुठल्या काकूनं कुणाला काय उत्तर दिलं, कारखान्याच्या कोणत्या क्वार्टरमधल्या बाईला केळफुलाची भाजी कुणी शिकवली, हे सगळं तिच्या डोक्यात. ती भाजी निवडता निवडता सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायचो, त्याला धार लावायचो. नंतर भाषणाची स्वच्छ प्रतही तीच लिहायची, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण स्टेजवर मी उभा राहायचो, आणि ती समोर तिसऱ्या रांगेत बसायची. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी माझा घसा बसला तो सुटेचना. जळगावला डॉक्टरांना दाखवलं. स्वरतंतूवर छोटी गाठ निघाली. साधी होती, पण काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, मग हळूहळू बोलायला लागा, पण दोन महिने भाषण नाही, ओरडणं नाही. बायको शेजारी बसून ऐकत होती, त्यामुळे घरी आल्यावर मला त्यात फेरफार करता आला नाही.

त्या मौनाच्या आठवड्यातच मंडळाचे सचिव आले. ते माझ्याच विभागातले, मला दादा म्हणतात. आमच्या मंडळाची एक रीत आहे. आधी फोन करून तारीख विचारतात आणि मग दोघं जण घरी येऊन वक्त्याच्या हातात नारळ देतात. ज्याला जमणार नाही त्यानं नारळ परत करायचा नाही. आपल्याऐवजी कोण बोलू शकेल ते ठरवायचं, स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याचा होकार घ्यायचा, नारळ त्याच्या हाती द्यायचा, आणि मग मंडळाला पत्र लिहायचं. ते पत्र कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवरून वाचून दाखवतात. कुणीच मिळालं नाही, तर मग नेपानगरला जाऊन नारळ परत करायचा, आणि ते फारसं चांगलं दिसत नाही.

मी फोन उचलत नव्हतो म्हणून सचिव थेट आले होते, बरोबर एक सभासद. मी गळ्याकडे बोट दाखवलं, हातानं खूण केली. ते म्हणाले, "अरे आराम करा ना दादा, टेन्शन नका घेऊ. अजून दीड महिना आहे. आपला शेवटचा दिवस फिक्स." आणि नारळ पुढे केला. माझ्यासमोर वही होती, पेन होतं. "जमणार नाही" एवढे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? मी नारळ घेतला आणि कपाळाला लावला. बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते दोघं निघालेसुद्धा होते.

तिनं नारळ पाहिला. "हे काय करून राहिले तुम्ही? डॉक्टरांनी काय सांगितलं?"

मी वहीत लिहिलं, 'दीड महिना आहे. होईल.'

"दोन महिने म्हणाले ते."

मी लिहिलं, 'बघू.'

"बघू काय बघू? त्यांना पत्रक छापायचं असतं. आज नाही म्हटलं तर त्यांना माणूस शोधायला वेळ मिळतो. आठ दिवस राहिल्यावर सांगाल तर ते बिचारे कुणाच्या दारात जातील? नाही म्हणायचं तर वेळेवर म्हणावं."

मी वही बंद केली. दोन दिवस फुरंगटून बसलो. मुका माणूस रुसला तर घरात कुणाला कळतही नाही, हे तेव्हा लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी मात्र मीच पत्राचा मसुदा लिहायला घेतला, कारण पर्याय नव्हता.

पहिला मसुदा पानभर झाला. त्यात गाठ किती मोठी होती, जळगावचं इस्पितळ, भूल, किती दिवस गिळायला त्रास, सगळं. बायकोनं चष्मा लावून वाचला. "एवढं रडगाणं कशाला? स्टेजवरून वाचणार आहेत ना हे? लोक व्याख्यानाला येतील की तुमचा घसा बघायला? घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, एवढं पुरे." मी काटलं. पुढे मी लिहिलं होतं, 'तब्येतीनं साथ दिल्यास प्रयत्न करीन.' तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे काढा. याचा अर्थ काय घ्यायचा त्यांनी, येता की नाही येत?" तेही काटलं. नंतर होतं, 'पुढील वर्षी शेवटचा दिवस माझ्यासाठी राखून ठेवावा.' ती हसलीच. "बसमधल्या सीटवर रुमाल टाकतात तसं करू नका हो. बोलवायचं त्यांनी असतं. संक्रांतीनंतर आवाज सुटेल, तेव्हा छोट्या बैठकीलासुद्धा आनंदानं येईन, असं लिहा. मग त्यांना वाटलं तर बोलवतील."

सगळं बरोबर होतं. मला तेच झोंबलं. माझ्या तोंडची भाषणं तिच्याकडून येतात हे मी पचवलं होतं, पण भाषण नाकारण्याचं पत्रही तिनंच नीट करून द्यायचं म्हणजे फार झालं.

मग राहिली एकच ओळ. 'माझ्याऐवजी...'

ती स्वच्छ प्रत लिहायला बसली होती. इथपर्यंत आली आणि पेन वर धरून थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहत राहिली. कुणाचं नाव यायला हवं हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं. माझ्या सगळ्या गोष्टी जिला माझ्याआधी माहीत होत्या, आणि मागच्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात आभार मानायला म्हणून उठली आणि दहा मिनिटं बोलून गेली, अशी एकच बाई होती. ते हळदीकुंकू संपताना मी तिला न्यायला गेलो होतो. बायकांचा हसण्याचा आवाज बाहेर अंगणापर्यंत येत होता. मी चपला न काढता तिथंच उभा राहिलो होतो, आणि पोटात दुखत होतं.

मी वहीत नाव लिहिलं. बऱ्हाणपूरच्या कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे एक प्राध्यापक. सज्जन माणूस. पण भाषण कागदावरून वाचतात, दीड तास वाचतात, आणि पान उलटताना बोट जिभेला लावतात. मी त्यांना का निवडलं ते इथं लपवत नाही. ते बोलल्यावर लोकांना माझी आठवण येईल म्हणून.

बायकोनं नाव वाचलं. "बरं," म्हणाली. मग पेन खाली ठेवलं. "आधी त्यांना विचारून या. न विचारता कुणाचं नाव देऊ नये." तिच्या आवाजात काही नव्हतं. कपाळाला साधी आठीसुद्धा नव्हती. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल, आणि ती म्हणाली नाही याचाही मला राग आला.

आठवडा संपला, कुजबुजण्याएवढा आवाज आला. मी नारळ पिशवीत घालून स्कूटरवर प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी प्रेमानं बसवलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वा, तुम्ही माझं नाव सुचवलंत याचा आनंद आहे. पण मी त्या आठवड्यात लेकीकडे पुण्याला आहे, तिकिटं काढलीत. पुढे कधी असेल तर जरूर." मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "पण तुम्हाला माझ्यापर्यंत यायची गरज काय पडली? वहिनी आहेत की घरात. आमच्या हिनं त्या हळदीकुंकवातलं अख्खं भाषण मला घरी येऊन म्हणून दाखवलं होतं. अजून सांगते कधी कधी." आतून त्यांची बायको म्हणाली, "मतलब काय, इतकं सुंदर बोलल्या त्या."

मी चहा अर्धा टाकून उठलो. घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं, की ते पुण्याला चालले आहेत. बाकीचं गिळलं.

"मग?" तिनं विचारलं.

"नाव न देता पाठवू. संक्रांतीनंतरचं तेवढं राहू दे."

तिनं चष्मा लावला. मग कागद घेतला आणि मी म्हटलं तसं लिहून दिलं. सुंदर अक्षरात, एक खाडाखोड नाही. खाली सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला आणि कुकर लावायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी नेपानगरला गेलो. पिशवीत पत्र आणि तोच नारळ. सचिव घरीच होते. त्यांनी पत्र वाचलं, चेहरा पडला. "दादा, आप तो अपने आदमी, तुम्हीच असं केलं तर? नाव कुठाय? शेवटचा दिवस आहे, लोक तुमच्यासाठी येतात. कुणाला उभं करू मी?"

मी हळू आवाजात म्हणालो, कुणी सुचत नाही.

"थांबा, जुन्या फायलीत बघू," असं म्हणून त्यांनी कपाटातून मंडळाची फाइल काढली. जे जे कधी नाही म्हणाले त्यांची सगळी पत्रं त्यात लावलेली असतात. कुणी कुणाचं नाव सुचवलं होतं ते बघून माणूस सापडेल असं त्यांना वाटलं. ते एकेक कागद उलटत होते. मधेच थांबून हसले. "अरे, हे बघा. यावरून तर तुम्हाला पहिल्यांदा बोलावलं होतं."

पिवळा पडलेला कागद. मी अक्षर ओळखलं. ते न ओळखणं मला शक्यच नव्हतं, इतकी वर्षं मी तेच अक्षर हातात धरून स्टेजवर उभा होतो.

पत्र लहान होतं. 'आपण मला बोलायला बोलावलंत, मनापासून आनंद झाला. मुलीची परीक्षा जवळ आल्यानं मला यंदा जमणार नाही. माझ्याऐवजी आमच्या घरच्यांना बोलवावं असं सुचवते. त्यांचं वाचन आहे, आणि त्यांना गोष्ट मांडता येते. मी त्यांना विचारलं आहे, ते हो म्हणाले आहेत.' खाली सही. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'हे पत्र कृपया वाचून दाखवू नये.'

मला ती संध्याकाळ आठवली. मी शिफ्टवरून आलो, तर टेबलावर नारळ. ती म्हणाली होती, "मंडळाचे लोक येऊन गेले. तुम्ही बोलाल का विचारत होते." मी तिथल्या तिथे हो म्हणालो होतो. रात्री जेवताना दोन घास जास्त गेले होते. आणि ज्या पोरीची परीक्षा होती, ती तेव्हा दुसरीत होती. दुसरीतल्या पोरीची कसली आलीय परीक्षा.

"वाचू नये लिहिलंय, पण ते स्टेजवर," सचिव म्हणाले. "तुम्हाला काय, घरचाच मामला. वहिनींनी सांगितलंच असेल तुम्हाला."

मी मान हलवली.

इथं कुणी म्हणेल, की माझं मन भरून आलं असेल. आलं नाही. आधी जे आलं ते सांगतो. मी ते पत्र परत वाचलं आणि माझ्या मनात आलं, किती चांगलं लिहिलंय. आनंद झाला, जमणार नाही, कारण एका ओळीत, दुसऱ्याचं नाव, आणि आधी त्याला विचारून. ज्याचं नाव दिलं त्याला कमीपणा वाटू नये म्हणून पत्र झाकायलाही सांगितलं. मला दहा दिवस आणि चार मसुदे लागले, तरी माझ्या पत्रात एक जागा रिकामी होती. मला नाही म्हणणंसुद्धा तिच्यासारखं जमत नव्हतं. खिडकीतून येणारं ऊन अंगावर घेत मी सचिवांच्या घरात बसलो होतो आणि बायकोच्या जुन्या पत्रावर जळत होतो. लाज नंतर आली, बऱ्याच उशिरा.

मी सचिवांकडून पेन मागून घेतलं. माझ्या पत्रात सहीच्या वर मोकळी जागा होती, तिथं माझ्या कोंबडीच्या पायांत 'माझ्याऐवजी' लिहून पुढे तिचं नाव लिहिलं. "अजून विचारलेलं नाही तिला. विचारतो आणि उद्या कळवतो." सचिव खूष झाले. म्हणाले, "ये हुई ना बात," आणि नारळ परत माझ्या पिशवीत घातला.

घरी आलो तेव्हा ती ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. मी नारळ ओट्यावर ठेवला. "शेवटच्या दिवशी तू बोल."

लाटणं थांबलं. "हे कोण म्हणतंय? ते की तुम्ही?"

"मी."

"आवाज गेला म्हणून?"

आवाज असता तर मी तिला कधीच म्हणालो नसतो, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हणालो, "हो. आवाज गेला म्हणून."

तिला बहुतेक खोटं उत्तर अपेक्षित होतं. तिनं पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. मग म्हणाली, "ठेवा तिथं. बोलते." फायलीतल्या पत्राबद्दल मी तिला काही बोललो नाही. आजपर्यंत बोललेलो नाही.

पुढचा महिना घरात विचित्र गेला. मला वाटलं ती वही मागेल, माझी जुनी टिपणं मागेल, मी काहीतरी शिकवीन, कुठं थांबायचं, कुठं हशा येतो. तिनं काही मागितलं नाही. मीच एकदा म्हणालो, "सुरुवात केळीच्या घडाच्या गोष्टीनं कर, लोक लगेच हातात येतात." ती म्हणाली, "बघू." माझाच शब्द.

शेवटच्या दिवशी हॉल भरला होता. मी पहिल्यांदा तिसऱ्या रांगेत बसलो. आधी सचिवांनी माझं पत्र वाचलं. घशाचं ऑपरेशन, बोलायची मनाई, संक्रांतीनंतर आनंदानं येईन, माझ्याऐवजी माझी पत्नी बोलेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माना वळवून माझ्याकडे पाहिलं, दोघाचौघांनी हात उंचावले. ते अर्धं मिनिट छान गेलं.

मग ती उभी राहिली. हातात कागद नाही. पदर नीट केला आणि घडाच्या गोष्टीनं सुरुवात केली.

ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो. कारखाना नवा असताना अमरावतीकडून आलेली एक बाई दारावर आलेल्या शेतकऱ्याकडून केळीचा अख्खा घड विकत घेते. तिला वाटतं महिनाभर पुरेल. घड कोपऱ्यात टांगते, आणि सगळी केळी दोन दिवसांत एकदम पिकतात. मग ती वेडी बाई क्वार्टरांच्या लाइनीतल्या प्रत्येक दारात केळी वाटत फिरते. मी ती बाई पदर खोचून कशी धावते ते करून दाखवायचो, आणि लोक खो खो हसायचे. ती बाई म्हणजे माझी आई होती. ते मी स्टेजवर कधी सांगितलं नव्हतं.

बायको म्हणाली, "ही गोष्ट माझ्या सासूबाईंची आहे. त्यांनीच मला सांगितली."

मग तिनं सांगितलं, की सासूबाईंना त्या क्वार्टरमध्ये येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या लाइनीत तेव्हा सगळे हिंदी बोलणारे, आणि त्यांना हिंदी येत नव्हतं. घरातले पुरुष कामावर गेले की त्या दार लावून बसायच्या. घड त्यांनी मुद्दाम मोठा घेतला होता. केळी एकदम पिकतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पिकली म्हणजे वाटावी लागतील, आणि वाटायची म्हणजे दारं वाजवावी लागतील, न बोलतासुद्धा चालेल, म्हणून घेतला होता. पहिल्या दारापुढे त्या किती वेळ उभ्या होत्या, ते तिनं सांगितलं. हात वर करायच्या आणि खाली घ्यायच्या.

मी जिथं लोकांना हसवायचो, तिथं हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

मला ते माहीत नव्हतं. माझ्या आईची गोष्ट, आणि आईनं ती मला सांगितली नाही, सुनेला सांगितली. मी आयुष्यभर तिला स्टेजवर वेडी म्हणून पळवत होतो, आणि आई जिवंत असताना एकदा समोर बसून हसलीही होती. मला रडू यायला हवं होतं. थोडं आलंही. पण त्याच्याखाली दुसरं होतंच, ते काही हलत नव्हतं. आईनं तिला का सांगितलं? मला का नाही? शेजारी बसलेला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "या बाईंना आधी का नाही बोलावलं कधी?" मी गळ्याकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही म्हणून.

भाषण संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. मला तिच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. घरी येताना गाडीत मी गप्प होतो. तिनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "काय, आज वक्ता चांगला होता वाटतं?" मी म्हणालो, "हो. चांगला होता." ती हसली नाही, पण तिनं तिच्या शालीचा अर्धा भाग माझ्या गळ्याभोवती टाकला, थंडी होती म्हणून.

संक्रांतीनंतर माझा आवाज पूर्ण सुटला. पहिल्यापेक्षा बरा झाला, असं सगळे म्हणाले. सकाळी फिरायला गेलो की मी मोठ्यानं बोलून बघायचो. घडाची गोष्ट मी पुन्हा नव्यानं लिहून काढली. आईचं सगळं त्यात घातलं, ती दारापुढे उभी राहते ते घातलं, आणि आता ती माझी झाली असं स्वतःला बजावलं. नेपानगरहून छोट्या बैठकीचं बोलावणं आलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, दिवाळी आहे की.

दिवाळी झाली आणि एका दुपारी फोन वाजला. मीच उचलला. सचिव होते. आवाज ऐकून म्हणाले, "अरे वा दादा, एकदम पहिल्यासारखा आवाज." मी खुर्चीत सरसावून बसलो. तब्येत, मुलं, पाऊसपाणी झालं. मग ते म्हणाले, "शेवटच्या दिवसाचं बोलायचं होतं. वहिनी आहेत का घरात?"

मी फोन तिच्या हाती दिला आणि तिथंच उभा राहिलो. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला लागलो. ते सरळच होतं. तिनं तारीख विचारली. वार विचारला. "आनंद झाला हो," म्हणाली. मला पुढचं पाठ होतं. यंदा जमणार नाही, माझ्याऐवजी, आणि पुढे माझं नाव. मी तोंडानं हो म्हणायच्या तयारीत होतो. ती विचारील, मी जरा आढेवेढे घेईन आणि हो म्हणीन.

फोन कानाशी तसाच धरून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. माझा आवाज ठणठणीत आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मग ती फोनमध्ये म्हणाली, "हो. मी येते."